नव्या वर्षाची जिम ऑफर: दोन कॅप्शन

पहिलं: "पोट सुटलंय? ३० दिवसांत १० किलो घटवा!"

दुसरं: "३ महिन्यांची फी भरा, चौथा महिना मोफत. पहिला आठवडा ट्रेनर सोबत राहून मशीन शिकवेल. वेळ सकाळी ६ ते रात्री १०."

पहिल्यावर नजर थबकते, हे खरं. पण आठवड्याला अर्धा ते एक किलो हा सुरक्षित वेग धरला, तर महिन्यात उतरणार २ ते ४ किलो. मग फेब्रुवारीत तोच माणूस फी परत मागायला काउंटरवर उभा! शिवाय ज्याला नुसती ताकद वाढवायची आहे, त्याने "पोट सुटलंय?" वाचून यायचं कशाला? दुसऱ्यातलं प्रत्येक वाक्य जिमला पाळता येतं. फक्त "मोफत"शेजारी ऑफरची शेवटची तारीख टाका, नाहीतर मार्चपर्यंत फोन वाजत राहतील.