सीजीपीए आठ, की पेपरामागे एक पायरी?

काल तू वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलेलं ‘सीजीपीए ८’ दाखवलंस. तो आकडा खोडून टाक असं मी म्हणणार नाही, आधी बेरीज बघ. तुझी चार सेमिस्टरं झाली, क्रेडिट सगळीकडे सारखे, सरासरी ५.८. म्हणजे जमा ४ × ५.८ = २३.२. सहाव्याअखेर ८ यायला ४८ हवेत. उरलेले २४.८ दोन सेमिस्टरांत मिळवायचे, म्हणजे प्रत्येकी १२.४, आणि मार्कशीट दहावर थांबते. दोन्हीकडे दहा घेतलेस तरी ४३.२ ÷ ६ = ७.२.

आता दोन वाटा उरतात. एकूण आकडाच खाली आणून ६.२ ठेवायचा, नाहीतर आकडा विसरून प्रत्येक पेपराची ग्रेड ठरवायची. हिशेबात दोन्ही एकच आहेत. ६.२ साठी ३७.२ लागतात, २३.२ वजा केले की १४ उरतात, म्हणजे दर सेमिस्टरला ७. गेल्या खेपेला तुझे पाच पेपर ५, ६, ६, ६, ६ होते, बेरीज २९. सातसाठी ३५ हवेत. सहा पायऱ्या चढायच्या: चार पेपर एकेक, आणि इतिहास, जो तू एरवीही वाचतोस, तो दोन.

एमएच्या प्रवेशाला शेवटी एकूण आकडाच विचारतात, म्हणून पहिली वाट अगदीच फुकट म्हणणार नाही. कुणाकुणाला भिंतीवर एक आकडा असला की बरं वाटतं. मलाही वाटायचं. तिसऱ्या वर्षाला मी तेच केलं होतं. पण तो आकडा सेमिस्टरभर गप्प बसतो. माझा निकाल लागला तोवर पुढच्या सेमिस्टरचे वर्ग सुरू होऊन गेले होते. कुठे घसरलो ते कळलं, पण सावरायला काही उरलं नव्हतं. त्या वैतागानंच मी शेवटच्या सेमिस्टरला पेपरवार वहीवर आलो.

पेपराचं तसं नाही, आयएसएचे, म्हणजे सेमिस्टरमधल्या चाचणीचे, गुण मधेच हातात येतात. समजा एका पेपरात शंभरात ६० हवेत. आयएसएत वीसपैकी १५ आले तर शेवटच्या परीक्षेत ऐंशीपैकी ४५ पुरतात. ९ आले तर ५१ लागतात. हे तुला गणेश चवथीच्या सुट्टीतच कळतं, दिवाळीनंतर नव्हे.

एक मात्र सांभाळ. ग्रेड पायऱ्यांनी चढते, एका गुणानं खाली राहिलास तर खालचीच मिळते. म्हणून जुन्या मार्कशीटवर जे पेपर पुढच्या ग्रेडच्या अगदी उंबरठ्यावर थांबलेत, त्यांना आधी हात घाल.

तुझा स्वभाव तुला ठाऊक, बाबा. तरी सोमवारी येताना मार्कशीट आण, ते पेपर आपण मिळून काढू.