एसआयपीचा प्रत्येक हप्ता वेगळा पिकतो: पावणेदोन वर्षांचा अनुभव

जानेवारी २०२४ मध्ये एका फ्लेक्सी कॅप फंडात महिन्याला दहा हजारांची एसआयपी सुरू केली. फंड कसा चालला यापेक्षा त्यातून पैसे काढताना काय झालं, ते सांगते. परताव्याबद्दल सगळेच बोलतात, बाहेर पडायच्या दाराबद्दल मला आधी कुणीच नीट सांगितलं नव्हतं.

या फंडाचा नियम नेहमीचाच आहे: ३६५ दिवसांच्या आत युनिट विकलं तर १ टक्का एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडायचं शुल्क, नंतर काही नाही. मे २०२५ मध्ये गच्चीची गळती काढायला १,२०,००० रुपये लागणार होते. एसआयपीला सोळा महिने झाले होते, म्हणजे वर्ष कधीच उलटलं, असं मी धरून चालले होते. ते चूक होतं. वर्ष एसआयपीचं मोजत नाहीत, प्रत्येक हप्त्याचं वेगळं मोजतात, आणि तेही युनिट मिळाल्या तारखेपासून. ५ मे २०२४ला रविवार होता, त्यामुळे माझ्या त्या महिन्याच्या हप्त्याचे युनिट ६ तारखेला जमा झाले आणि त्याचं वर्ष तिथून सुरू झालं.

१५ मे २०२५ला वही घेऊन बसले. हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल करून देते. सतरा हप्त्यांपैकी जानेवारी ते मे २०२४ हे पाचच पिकलेले, म्हणजे वर्ष पूर्ण झालेले होते. त्यांचे १,००० युनिट, आणि एका युनिटचा भाव म्हणजेच एनएव्ही ६०, म्हणजे ६०,००० रुपये मोकळे. विकताना जुने युनिट आधी जातात, हे आपल्या फायद्याचं. पण १,२०,००० हवे तर आणखी १,००० युनिट वर्षाच्या आतले जाणार होते. त्यांच्यावर लोड ६०० रुपये. शिवाय ते सरासरी ५५ला घेतलेले, म्हणजे ५,००० नफा. लोड वजा करून उरलेल्या ४,४०० वर अल्पकालीन भांडवली नफ्याचा २० टक्के कर आणि सेस मिळून ९१५. एकूण साधारण १,५०० रुपये. पिकलेल्या युनिटांवरचा नफा दीर्घकालीन, आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंत त्यावर कर नाही, म्हणून तिकडे शून्य.

ॲपमध्ये मात्र रकमेच्या रकान्यात १,२०,००० टाकले की सरळ पुढे जाता येत होतं. कुठले युनिट मोकळे, कुठले नाहीत, ते काहीच दिसत नव्हतं. म्हणून मी आता रक्कम टाकत नाही, युनिटांची संख्या टाकते. तारखा आणि युनिट सविस्तर स्टेटमेंटमध्ये ओळीने असतात. लोडचा नियमही बहुतेक वेळा योजनेच्या नोंदीखालीच छापलेला असतो.

मी १,००० युनिट विकले, ४०,००० लिक्विड फंडातून काढले आणि २०,००० दादाकडून घेतले. लिक्विड फंडात लोड फक्त पहिल्या सहा दिवसांचा, आणि पहिल्याच दिवशी काढले तरी लाखाला सात रुपये. जूनपासून दर महिन्याला एकेक हप्ता मोकळा होत गेला, तसं आधी दादाचे परत केले, मग लिक्विड फंड भरत आणला.

१,५०० रुपयांसाठी एवढा खटाटोप करावा का? हप्ते महिन्या-दोन महिन्यांत पिकणार असतील तर करावा असं मला वाटतं, कारण लोड आणि कर दोन्ही जवळपास एकाच सुमारास सुटतात. पण अजून आठ-दहा महिने बाकी असतील आणि पैशांची खरी गरज असेल, तर ६०० रुपयांच्या लोडसाठी अडून बसू नये. बाजार एका दिवसात त्याहून जास्त हलतो. आणि तो लोड फंड कंपनीच्या खिशात जात नाही, योजनेतच परत जमा होतो. हे कळल्यावर माझा राग बराच निवळला.

राग आला होता तो आधीच्या एका प्रकारामुळे. ऑगस्ट २०२४ मध्ये मी दुसऱ्या एका फंडातले पाच महिने जुने ४०,००० रुपये त्याच कंपनीच्या दुसऱ्या योजनेत स्विच केले. पैसे घरातल्या घरात हलतायत, मग कसला लोड, असं वाटलं. ४०० रुपये कापले गेले. स्विच म्हणजे विक्री आणि नवी खरेदी, त्यामुळे नफ्यावर करही लागला आणि नव्या योजनेत ३६५ दिवस पुन्हा पहिल्यापासून. ज्यांच्यामार्फत केलं त्यांनी हे सही घेण्याआधी सांगायला हवं होतं.

ईएलएसएस या कर वाचवणाऱ्या फंडांचं गणित याहून कडक आहे. तिथेही प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं वेगळी, आणि दंड भरून सुटायची सोयच नाही. गुंतवणूकदार गेला तरी, त्याला युनिट मिळाल्यापासून एक वर्ष होईपर्यंत वारसाला पैसे काढता येत नाहीत. माझी तिथली दीड हजारांची एसआयपी मी बंद केली. शेवटचा हप्ता मार्च २०२५चा, तो मार्च २०२८ला सुटेल. वहीच्या मागच्या पानावर तेवढ्या तारखा लिहून ठेवल्यात.