न्यूअर्कच्या विमानात पायांसाठी काय: मोजे, व्यायाम की पाणी?

मावशी लेकीच्या बाळंतपणाला निघाली. नागपूरहून मुंबई आणि तिथून न्यूअर्क, म्हणजे पुढचे सलग पंधरा-सोळा तास. वय ६२, बीपीला अ‍ॅम्लोडिपिन. या गोळीनेही घोटे सुजतात. तिचा प्रश्न एकच: घट्ट मोजे घ्यायचे, की पाय हलवून आणि पाणी पिऊन भागेल?

आधी एक फरक लक्षात घ्या. दोन्ही घोटे सारखे सुजले आणि रात्रभर झोपून उतरले, तर ती बसून आलेली सूज. पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गाठ होणं वेगळं. ते क्वचित होतं, पण चार तासांहून लांब प्रवासात शक्यता वाढते.

पाण्याचा मान मोठा, काम थोडं. पाण्याने गाठ टळते असा पुरावा नाही. कोरड्या हवेत तोंड सुकतं म्हणून प्या. मावशी मात्र 'बाथरूमला उठावं लागते बाप्पा' म्हणून पाणीच टाळते, आणि पाण्याचा खरा फायदा नेमका त्या उठण्यात आहे! दारू आणि झोपेची गोळी उलट काम करतात, माणूस तासन्‌तास हलतच नाही.

व्यायाम फुकट आणि चांगला. टाच टेकवून पंजा वर, मग पंजा टेकवून टाच वर, अर्ध्या तासाने वीस-पंचवीस वेळा. पोटरीचा स्नायू आवळला की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. कडेची सीट घ्या आणि पायाखाली बॅग ठेवू नका. पण माणूस झोपला की व्यायाम थांबतो.

मोजे तेव्हाही चालू असतात. गुडघ्याखालचे, घोट्याशी दाब सर्वांत जास्त आणि वर कमी होत जाणारे. विमानप्रवासावरच्या चाचण्यांत अशा मोज्यांनी सूज कमी झाली आणि लक्षण न दाखवणाऱ्या गाठीही. घोट्याशी १५ ते ३० मिलिमीटर पारा एवढा दाब असतो. क्रेप बँडेज किंवा नुसता घट्ट मोजा हे काम करत नाही.

फसगत मापात होते. धंतोलीतल्या एका सर्जिकल दुकानात मावशीला चपलेचा नंबर विचारला! माप सकाळी, सूज येण्याआधी घ्यावं: घोट्याचा सर्वांत बारीक घेर आणि पोटरीचा सर्वांत जाड. मग पाकिटावरचा तक्ता बघावा. मोजे घरूनच घालून निघावं, आणि वरची कड दुमडू नये, तिथेच दोरीसारखा फास बसतो.

मावशीसाठी मी मोजे आणि व्यायाम दोन्ही निवडले. तरुण, धडधाकट माणसाला व्यायाम पुरे. डायबिटीसने पाय बधिर असतील किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर मोजे डॉक्टरांना विचारूनच. आधी गाठ झाली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, कॅन्सर असेल किंवा गरोदरपण असेल, तर तिकीट काढतानाच विचारा. मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका.

उतरल्यावर दोन-चार आठवडे पायांवर लक्ष ठेवा. एकच पाय सुजला, पोटरी दुखून गरम लागली, तर टेप घ्या. गुडघ्याखाली नडगीचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटीमीटर खाली दोन्ही पाय मोजा. फरक ३ सेंटीमीटरहून जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठून डॉपलरचं, म्हणजे पायाच्या शिरांच्या सोनोग्राफीचं, विचारा. फरक कमी भरला तरी दुखणं असेल तर दाखवाच. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर टेप राहू द्या, थेट इमर्जन्सी.

मावशीच्या बॅगेत तो टेप आहे, शिवणकामाच्या डब्यातला.