11 चमू, 10 सामने: बाय कधी आणि कोणाला?

तुरीची सवंगणी आटोपली की आमच्याकडे गावोगावी रात्रीचे कबड्डी सामने लागतात. एन्ट्र्या मात्र मोजून 8 किंवा 16 क्वचितच येतात. समजा, 11 चमू आले. बाद पद्धतीत दर सामन्याला एक चमू घरी जातो, म्हणजे ड्रॉ कसाही काढा, सामने 10च. फरक पडतो तो बाय कधी आणि कोणाला मिळतो यानं.

आपली नेहमीची रीत म्हणजे दर फेरीला नव्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि उरलेल्याला बाय द्यायचा. 11 चे 6 होतात, 6 चे 3. गोम इथंच आहे. तिघांतल्या एकाला बाय मिळतो आणि तो उपांत्य सामना न खेळताच फायनलला जातो. समोरचा चमू त्याच रात्री घाम गाळून आलेला असतो. एका गावात यावरून झालेलं भांडण मी पाहिलंय, बक्षीस समारंभ पहाटेवर गेला होता.

त्यापेक्षा 16 घरांचा तक्ता आखा. 16 वजा 11, म्हणजे 5 बाय, आणि ते सगळे पहिल्याच फेरीत संपवायचे. 3 सामने होतात, 3 विजेते आणि 5 बायवाले मिळून 8. पुढं कोणीच फुकट सरकत नाही.

आता हे 5 बाय कोणाला? तक्त्यात 6 आणि 5 असे अर्ध पडतात. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या, तर सर्वात तगडे दोन चमू एकाच अर्धात पडण्याची शक्यता 45 टक्के असते. उलट 1 ते 11 क्रमवारी लावली तर पहिल्या पाचांना बाय मिळतो, 6–11, 7–10, 8–9 भिडतात आणि 1 व 2 फायनलआधी भेटूच शकत नाहीत. कागदावर हे देखणं आहे. पण सातवा कोण अन् आठवा कोण, हे गावात कशावरून ठरवणार?

म्हणून मी चौघांनाच मानांकन देतो. गेल्या वर्षीचे उपांत्य फेरीतले चार चमू घ्यायचे, पण आधी यंदाची खेळाडूंची यादी पाहायची. मुख्य चढाईपटू दुसऱ्या गावाकडून खेळत असेल तर जुन्या नावाला अर्थ नाही. पहिला सगळ्यात वर, दुसरा सगळ्यात खाली, तिसरा-चौथा कोणत्या अर्धात हे चिठ्ठीनं. चौघांना बाय. उरलेल्या 7 चमूंच्या चिठ्ठ्या कप्तानांसमोर काढायच्या, पाचवा बायही त्यातच. मानांकन मात्र चिठ्ठ्या काढण्याआधी फळ्यावर लिहा, नाहीतर यजमान मंडळानं स्वतःच्या चमूला बाय घेतला म्हणून ओरड होते. एकाच गावाचे ‘अ’ आणि ‘ब’ चमू वेगवेगळ्या अर्धात टाका.

ऐनवेळी बारावा चमू ट्रॅक्टरवरून उतरलाच, तर पाचव्या बायच्या रिकाम्या घरात त्याला बसवा. बाय गेलेला चमू कुरकुरेल, बाकी तक्ता जागचा हलत नाही.