एकवीस दिवसांत बी.कॉम.

आमच्या कंपनीत स्टोअर्सला अधिकारी व्हायचं तर पदवी लागते. मी बारावी कॉमर्स, पुढे एफ.वाय. अर्धवट सोडलेलं. २०१४ पासून स्टोअर्समध्येच आहे, माल उतरवण्यापासून स्टॉक जुळवण्यापर्यंत सगळं करतो, पण अर्जातल्या शिक्षणाच्या रकान्यात दर वेळी 'बारावी' लिहायचं आणि घरी यायचं. अशाच एका संध्याकाळी मोबाइलवर जाहिरात आली : राहिलेलं शिक्षण पूर्ण करा, परीक्षेला यायची गरज नाही, २१ दिवसांत पदवी घरपोच.

मी भोळा होतो असं सांगायचं नाही. तीन वर्षांचा अभ्यासक्रम तीन आठवड्यांत होत नाही हे मला कळत होतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच. फसवणारे याच माणसाच्या शोधात असतात, कारण असा माणूस नंतर पोलिसांत जायला कचरतो.

फोनवरचा माणूस स्वतःला काउन्सेलर म्हणवत होता. माझ्या शंका त्याने विचारायच्या आधीच सोडवल्या. परीक्षा न देता पदवी कशी? तर म्हणे, तुमचा इतक्या वर्षांचा कामाचा अनुभव 'क्रेडिट' म्हणून धरतात. मान्यतेचं काय? त्यावर त्याने व्हॉट्सअॅपवर एकदम सहा कागद पाठवले. सोसायटी नोंदणी कायदा १८६० खालचं प्रमाणपत्र, आयएसओ ९००१, उद्यम नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची संस्थेची नोंद, ट्रेडमार्कच्या अर्जाची पोच आणि कुठल्याशा परिषदेचं सदस्यत्व. प्रत्येकावर क्यूआर कोड. मी त्यातले दोन स्कॅनही केले आणि ते सरकारी संकेतस्थळावर उघडले. माझं समाधान झालं.

माझी खरी चूक इथे झाली, म्हणून इथे जरा थांबतो. ते कागद बहुधा खरेच होते, पण त्यांपैकी एकाचाही पदवीशी संबंध नव्हता. सात माणसं जमवून सोसायटी नोंदवता येते. उद्यम नोंदणी पिठाच्या गिरणीलाही मिळते. आयएसओचं प्रमाणपत्र कार्यालयाची कामाची पद्धत ठरलेली आहे, एवढंच सांगतं. दर्पणवर स्वयंसेवी संस्था आपली माहिती नोंदवतात. ही सगळी नोंदणी झाली. मान्यता ही वेगळी गोष्ट. फोनवरचा माणूस 'सरकारकडे रजिस्टर्ड आहे सर' असं म्हणायचा आणि मी ते 'सरकारमान्य' असं ऐकायचो. तो शब्दशः खोटं बोललाच नाही.

पैसे चार वेळा गेले. आधी नोंदणी म्हणून ४,५०० रुपये, मग फी १८,०००. कागदांचा फोटो आला तेव्हा 'व्हेरिफिकेशन चालू ठेवण्यासाठी' ९,५०० आणि शेवटी कुरिअरचे १,०००. एकूण ३३,०००. यूपीआयवर दर वेळी वेगळं नाव दिसायचं, एकदा तर चक्क 'एंटरप्रायझेस' असं दुकानासारखं. विद्यापीठाची फी कुणा माणसाच्या खात्यात कशी जाते, हे मी विचारलं नाही.

पाकीट मात्र देखणं होतं. जाड कागद, होलोग्राम, उठावाचा शिक्का. तीन वर्षांच्या तीन गुणपत्रिका, २०१५-१६ ते २०१७-१८ अशा मागच्या तारखेच्या. 'गॅप दिसायला नको म्हणून बॅकडेट केलंय' असं तो मोठ्या उपकाराने म्हणाला. गुण दर वर्षी थोडे थोडे वाढत गेलेले, जसे शहाण्या मुलाचे वाढतात.

मी प्रत एचआरला दिली. दोन आठवड्यांनी मॅडमनी बोलावलं, दार लावून घेतलं आणि आवाज न चढवता तीन गोष्टी दाखवल्या. पहिली, ज्या तीन वर्षांत मी परराज्यातल्या त्या संस्थेत 'नियमित विद्यार्थी' होतो, त्या छत्तीस महिन्यांत माझा पीएफ दरमहा इथूनच भरला गेला होता. दुसरी, तिन्ही गुणपत्रिकांचे अनुक्रमांक ओळीने होते. तीन वर्षांत त्या संस्थेने माझ्याशिवाय एकालाही गुणपत्रिका दिलेली नसावी! तिसरी, पडताळणी करणाऱ्या एजन्सीने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत संस्थेचं नाव शोधलं होतं, आणि ते नव्हतं. गुणपत्रिकेवर छापलेल्या संकेतस्थळावर मात्र माझा आसनक्रमांक टाकला की निकाल झळकत होता. ज्यांनी कागद छापला त्यांनीच ते संकेतस्थळ काढलेलं, मग झळकणारच.

मॅडम म्हणाल्या, "हे मी पुढे पाठवलं तर प्रमोशन राहू द्या, नोकरी जाईल. खोटा कागद खरा म्हणून वापरणं हा गुन्हा आहे." आधी दंडसंहितेचं ४७१ कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३४०. मी अर्ज मागे घेतला. लेखी ताकीद फाइलला लागली, ती अजून आहे.

त्यानंतर माझ्या आतेभावाकडे गेलो. तो एका कॉलेजच्या परीक्षा विभागात आहे. त्याने चहा सांगितला आणि म्हणाला, "दादा, त्यांना एकच प्रश्न विचारायचा होतास. तुमचं विद्यापीठ कुठल्या कायद्याने स्थापन झालं?"

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचं २२ वं कलम सांगतं की पदवी देण्याचा अधिकार कुणाला. संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने अभिमत ठरवलेली संस्था, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. याच्या बाहेरचं कुणीही पदवी देऊ शकत नाही. म्हणजे खऱ्या विद्यापीठाच्या पाठीशी एखादा कायदा किंवा केंद्राची अधिसूचना असतेच, आणि ती सांगायला त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. २३ वं कलम 'विद्यापीठ' हा शब्द नावात वापरायलाही इतरांना बंदी करतं, म्हणून ही मंडळी बोर्ड, कौन्सिल, परिषद अशी नावं घेतात. माझ्या गुणपत्रिकेवरही 'कौन्सिल'च होतं, मी ते वाचलंही होतं. आणि हे मोडणाऱ्याला २४ व्या कलमात दंड किती? एक हजार रुपयांपर्यंत. माझ्या कुरिअरचा खर्च तेवढा होता.

मग त्याने मला समोर बसवून तपासणी करून दाखवली. पाठवलेल्या लिंकवर जायचं नाही, पत्ता स्वतः टाईप करायचा : ugc.gov.in. तिथे केंद्रीय, राज्य, अभिमत आणि खासगी अशा विद्यापीठांच्या याद्या आहेत. नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. गाव आणि राज्यही जुळायला हवं, कारण खऱ्या नावात एक शब्द मागेपुढे करून दुकान मांडणारे पुष्कळ. तिथेच बनावट विद्यापीठांचीही यादी असते, आपल्या नागपूरची एक संस्था त्यात वर्षानुवर्षं आहे. पण बनावट यादीत नाव नाही म्हणून संस्था खरी, असं धरायचं नाही. माझी संस्था त्या यादीतही नव्हती. मान्यताप्राप्तांच्या यादीत नाव सापडलं पाहिजे.

एवढ्याने अर्धंच काम होतं. घरबसल्या किंवा दूरशिक्षणाने पदवी घ्यायची असेल तर आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचं, म्हणजे डीईबीचं, deb.ugc.ac.in उघडायचं. कुठल्या विद्यापीठाला, कुठला अभ्यासक्रम, कुठल्या वर्षी आणि कुठल्या सत्रासाठी चालवायची परवानगी आहे, ते तिथे मिळतं. विद्यापीठ अस्सल असूनही त्याच्या ऑनलाइन बी.कॉम.ला परवानगी नसू शकते. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांची पदवी तर या मार्गाने मिळतच नाही, त्यामुळे 'ऑनलाइन एलएलबी' ऐकलं की फोन ठेवायचा. २०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याने स्वतः याच पोर्टलवर डीईबी आयडी काढायचा असतो. जो एजंट त्याचं नावही काढत नाही, त्याच्याकडे प्रवेशच नाही असं समजायचं.

आणि यादीत नाव असलं तरी पदवी 'विकत' मिळत असेल तर ती बनावटच. हिमाचलात सोलनचं मानव भारती विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं होतं, तरी हजारो बनावट पदव्या विकल्याच्या आरोपावरून २०२० मध्ये तिथे गुन्हे दाखल झाले आणि चौकशी लागली. बी.कॉम.ला साधारण तीन वर्षं लागतात. कॅलेंडर कुणाच्याच ओळखीचं नसतं, असं आतेभाऊ म्हणतो.

डिप्लोमाचं प्रकरण जास्त निसरडं. २२ वं कलम पदव्यांपुरतं आहे, त्यामुळे 'डिप्लोमा' नावाचा कागद कुणीही छापू शकतो. प्रश्न तो कुठे चालणार हा असतो. इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा असेल तर एआयसीटीईची मंजुरी आणि महाराष्ट्रात तंत्र शिक्षण मंडळाची संलग्नता बघायची, नर्सिंगचा असेल तर नर्सिंग कौन्सिलकडे विचारायचं. ज्या नोकरीसाठी हवा, तिच्या जाहिरातीत काय मागितलंय ते आधी वाचावं.

डिजिलॉकरचीही एक गंमत. मी काउन्सेलरला विचारलं होतं, पदवी तिथे दिसेल का? तो म्हणाला, "पीडीएफ पाठवतो, तुम्हीच चढवा." मी चढवली आणि दिसलीही. पण आपण स्वतः चढवलेला कागद म्हणजे आपल्या कपाटात ठेवलेला कागद. विद्यापीठाने दिलेली पदवी Issued या भागात येते, तिथे आपल्याला काही टाकता येत नाही.

पैशांचं म्हणाल तर ते गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लगेच केला असता तर बँकेने पुढची रक्कम कदाचित अडवली असती. मी लाजेपायी पाच महिन्यांनी cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. तोवर ती खाती रिकामी झाली होती. पावत्या, चॅट आणि कुरिअरचं पाकीट मात्र मी ठेवलं होतं, त्यामुळे तक्रार घेताना अडचण आली नाही.

आता मुक्त विद्यापीठातून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी अभ्यास केंद्रावर जातो, बाकावर शेजारी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलं असतात. कॉस्टिंगचा पेपर पहिल्यांदा गेला, पुन्हा दिला.

मागच्या महिन्यात नव्या नंबरवरून फोन आला. आवाज ओळखीचा वाटला. जुन्या विद्यार्थ्यांना एमबीएत तीस टक्के सवलत आहे म्हणे. मी विचारलं, "तुमची संस्था कुठल्या कायद्याने स्थापन झाली?" तो म्हणाला, "सर, आयएसओ आहे ना." मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा फोन कट झाला.