रॅलीच्या टक्केवारीवर बॅडमिंटनचे ‘खरे भाव’ विकणाऱ्यांपासून सावध

बॅडमिंटन सामन्यांवरच्या सट्ट्याचे ‘खरे भाव’ सांगणाऱ्या एका पेड ग्रुपने मला चांगलंच गंडवलं. गंमत म्हणजे त्यांचं सूत्र बरोबर होतं, लबाडी होती ती त्यात घातलेल्या आकड्यात.

सूत्र असं. एखादा खेळाडू प्रत्येक रॅली 53 टक्के वेळा जिंकतो असं धरलं, तर 21 गुणांचा गेम तो साधारण 65 टक्के वेळा जिंकेल आणि तीन गेमचा सामना 72 टक्के वेळा. म्हणजे विजेत्याचा वाजवी भाव, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या एका रुपयामागे एकूण परत मिळणारी रक्कम, 1.38, आणि 2-0 ची शक्यता सुमारे 43 टक्के, म्हणून त्याचा भाव 2.35 च्या आसपास. आता तेच 53 खाली आणून 51 करा. सामना जिंकण्याची शक्यता 58 टक्क्यांवर येते आणि वाजवी भाव 1.73 होतो. बाजारात 1.60 मिळत असेल, तर 53 धरणाऱ्याला ती लॉटरी वाटते, आणि खरा आकडा 51 असेल तर तो तोट्याचा सौदा असतो. दोन टक्क्यांत सगळा खेळ फिरतो. आणि एका सामन्यातल्या 80-एक रॅलींवरून काढलेली टक्केवारी पाच-सहा टक्क्यांनी इकडेतिकडे सहज होते. शिवाय समोरचा खेळाडू बदलला की ती बदलतेच.

मग त्यांच्यावर विश्वास का बसला? जुन्या सामन्यांच्या शीटमुळे. ‘सामन्याआधीचा अंदाज’ या रकान्यापुढे निकाल लिहिलेला, आणि अंदाज जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर. पैसे गेल्यावर ती शीट नीट बघितली. एका ओळीत अंदाज 54.5 टक्के होता आणि स्कोअर 21-17, 21-18. विजेत्याचे गुण 42, एकूण रॅली 77. भागाकार करा: 54.5. पुढच्या ओळींतही तेच. म्हणजे आधीचा म्हणून दाखवलेला आकडा संपलेल्या सामन्याच्या स्कोअरवरूनच काढला होता! पेपर हातात ठेवून उत्तर लिहिल्यासारखंच की हे.

दुसरी खूण जे शीटमध्ये नव्हतं त्यात होती. 21-19, 8-21, 21-19 असा निकाल लागला तर विजेत्याचे गुण 50 आणि हरलेल्याचे 59. अशा सामन्यात हा हिशेब हरलेल्यालाच विजेता ठरवतो, म्हणून तशी एकही ओळ ठेवलेली नव्हती. असे सामने होतात, त्यामुळे मोठ्या यादीत ते अजिबात न दिसणं हीच शंकेची जागा.

तुम्हाला अशी शीट कुणी दाखवली, तर तीन-चार ओळींची बेरीज स्वतः करा, आणि टक्केवारी कुठल्या सामन्यांवरून काढली हे सामना सुरू होण्याआधी लेखी मागा. मी मागितलं तेव्हा उत्तर आलं नाही. तासाभरात ग्रुपमधून काढलं, आणि वर्गणीचे पैसेही परत केले नाहीत.