हरकत की प्रतिनोटीस?

गुहागरच्या शिमग्यातील पालखीच्या व्हिडिओत लाउडस्पीकरवरचे चित्रपटगीत आले आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडी या गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेने कॉपीराइटचा दावा लावला, तरी व्हिडिओ सहसा दिसत राहतो. हरकत घेतल्यावर दावेदाराला 30 दिवस मिळतात व तो गप्प राहिला तर दावा सुटतो. मात्र पहिला निर्णय तोच देतो, ही या वाटेची खरी उणीव आहे. प्रतिनोटीस, म्हणजे व्हिडिओ परत लावण्याची औपचारिक मागणी, दावेदाराच्या कायदेशीर मागणीवरून व्हिडिओ काढला गेल्यावरच देता येते, आणि तीतील नाव-पत्ता दावेदाराकडे जातो. त्याने अमेरिकेतील कामकाजाच्या 10 दिवसांत न्यायालयीन कारवाईचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ सहसा परत येतो. हक्क कोणाचा, हे यूट्यूब ठरवत नाही. म्हणून ढोल-ताशा स्वतः वाजवलेला असेल तरच प्रतिनोटीस द्यावी. चित्रपटगीत असेल, तर तेवढा आवाज काढणे श्रेयस्कर.